नाशिकचा बार पट्ट्यांच्या वर का जातो: एक्सेलमध्ये बुलेट चार्ट नीट बसवणे

प्रश्न: ठिबक साहित्याच्या एजन्सीत पाच गावांची महिन्याची विक्री आणि टार्गेट एक्सेलमध्ये ठेवतो. आकडे लाखांत: नाशिक टार्गेट ४०, विक्री ४३, मालेगाव २४, १९, निफाड ३२, ३०, सिन्नर १६, ११, येवला २०, २२. साहेबांना गोल मीटर नको, बुलेट चार्ट हवा. टार्गेटच्या ७५ टक्क्यांपर्यंत कमी, तिथून १०० पर्यंत ठीक, १२५ पर्यंत उत्तम, असे मागे छटांचे पट्टे. व्हिडिओ बघून केला, दिसतोही छान, पण नाशिकचा बार पट्ट्यांच्याही वर निघतो. असं का होतं? आणि मुळातून नीट कसा करायचा?

उत्तर:

तुमचे आकडे बरोबर आहेत. गडबड अक्षांची आहे, आणि ती फक्त नाशिकची नाही. तुमच्या चार्टमधला प्रत्येक बार आत्ता खोटं बोलतोय. नाशिकचा बार पट्ट्यांबाहेर गेला म्हणून तुमच्या लक्षात तरी आलं.

बुलेट चार्टमध्ये बारीक बार रुंद पट्ट्यांच्या पुढे दिसावा म्हणून आपण तो सेकंडरी अक्षावर टाकतो. तसं केलं की एक्सेल दोन गटांना दोन वेगळ्या मोजपट्ट्या देतं आणि प्रत्येकीची कमाल मर्यादा स्वतःच्या हिशोबाने ठरवतं. तुमच्या पट्ट्यांची सगळ्यात मोठी बेरीज नाशिकची, म्हणजे ४० च्या १२५ टक्के, ५०. एक्सेल वर थोडी मोकळी जागा ठेवतं, म्हणून डावा अक्ष ६० पर्यंत जातो. विक्रीतला सगळ्यात मोठा आकडा ४३, म्हणून उजवा अक्ष ५० वर थांबतो. आता नाशिकचे पट्टे चार्टच्या उंचीच्या ६० पैकी ५०, म्हणजे ८३ टक्क्यांपर्यंत पोचतात, आणि विक्रीचा बार ५० पैकी ४३, म्हणजे ८६ टक्क्यांपर्यंत. बार पट्ट्यांच्या वर गेला तो असा.

हाच ताण बाकीच्या गावांना लावून बघा. ६० भागिले ५० म्हणजे प्रत्येक बार पट्ट्यांच्या तुलनेत १.२ पट उंच दिसतोय. सिन्नरची विक्री ११, पण पट्ट्यांवर ती १३.२ असल्यासारखी दिसते. सिन्नरचा सगळ्यात खालचा पट्टा १२ ला संपतो. म्हणजे खरं तर ‘कमी’मध्ये असलेलं सिन्नर तुमच्या चार्टमध्ये ‘ठीक’मध्ये जाऊन बसलंय. निफाड टार्गेटच्या दोन लाख मागे आहे, पण त्याचा बार ३६ वर दिसतो, थेट ‘उत्तम’च्या पट्ट्यात. साहेब या चार्टवरून निफाडला शाबासकी देतील आणि सिन्नरला काहीच विचारणार नाहीत.

उपाय एका कळीचा आहे. उजवीकडच्या सेकंडरी अक्षावर एकदा क्लिक करा आणि `Delete` दाबा. अक्ष गेला की त्या गटातले बार डाव्या अक्षाच्या मोजपट्टीवर येतात, पण पट्ट्यांच्या पुढेच राहतात आणि त्यांची रुंदीही वेगळी राखता येते. आपल्याला हवं ते एवढंच.

इथे एक सापळा आहे. बऱ्याच जणांना उजवीकडचे आकडे नकोसे वाटतात, म्हणून ते `Format Axis` मध्ये जाऊन `Labels` खाली `Label Position` ला `None` करतात, किंवा अक्षराचा रंग पांढरा करतात. त्याने आकडे दिसेनासे होतात, पण अक्ष जिथल्या तिथे असतो आणि वेगळी मोजपट्टी चालूच राहते. चार्ट स्वच्छ दिसतो आणि चूक पकडायचा एकमेव पुरावा नाहीसा होतो. तुमच्या चार्टमध्ये उजवीकडे आकडे दिसत नसतील तर बहुतेक हेच झालंय. खात्री करायला चार्टच्या कोपऱ्यातल्या अधिकच्या खुणेवर जा, `Axes` च्या पुढचा बाण उघडा आणि `Secondary Vertical` ला टिक आहे का बघा. टिक असेल तर अक्ष जिवंत आहे, ती काढा.

दुसरा रस्ता दोन्ही अक्षांना हाताने `Minimum` 0 आणि `Maximum` 50 देण्याचा. आजच्या आकड्यांना तो चालतो, तरी मी तो वापरत नाही. पुढच्या महिन्यात नाशिकने ५६ लाखांची विक्री केली की तो बार ५० वर कापला जाईल आणि कापला गेल्याची कुठलीही खूण चार्टवर दिसणार नाही. अक्ष पुसून टाकला असेल तर एक्सेल सगळ्यांसाठी मिळून एकच मर्यादा ठरवतं आणि आकडे बदलले की ती आपोआप बदलते.

मी हे इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीत मी दर महिन्याला असा चार्ट करायचो, उजव्या अक्षाचे आकडे लपवून. एका महिन्यात एका भागाला अचानक मोठी ऑर्डर मिळाली. त्या एका बारमुळे विक्रीचा अक्ष ६० वरून ७० वर गेला, पट्ट्यांचा ६० वरच राहिला. परिणामी बाकी सगळ्यांचे बार पट्ट्यांच्या तुलनेत सातव्या हिश्श्याने आखूड झाले. ७८ टक्के काम केलेला एक प्रतिनिधी चार्टमध्ये ६७ टक्क्यांच्या आसपास, सगळ्यात गडद पट्ट्यात दिसला आणि बैठकीत सगळ्यांसमोर त्याला बोलणी खावी लागली. त्याने स्वतः आकडे तपासून मला फोन केला. मी पुढच्या बैठकीत चूक कबूल केली, पण झालेला अपमान काही परत घेता आला नाही. तेव्हापासून सेकंडरी अक्ष पुसल्याशिवाय मी चार्टची फाइल बंदसुद्धा करत नाही.

तक्ता

आता मुळातून करू. चार्टपेक्षा त्याच्यामागचा तक्ता महत्त्वाचा, कारण दुसरी नेहमीची चूक तिथे होते. पट्टे एकावर एक रचलेले असतात, म्हणून तक्त्यात पट्ट्याची जाडी लिहायची असते, तो कुठे संपतो ते नाही. नाशिकसाठी तुम्ही ३०, ४०, ५० असं लिहिलंत तर एक्सेल ते एकावर एक रचून १२० पर्यंत डोंगर उभा करेल. लिहायचं ३०, १०, १०. पहिला पट्टा शून्यापासून ३० पर्यंत, त्यावर १० चा दुसरा म्हणजे ४० पर्यंत, त्यावर १० चा तिसरा म्हणजे ५० पर्यंत.

हे हाताने काढत बसू नका. `A` स्तंभात गावं, `B`, `C`, `D` मध्ये तीन पट्टे, `E` मध्ये प्रत्यक्ष विक्री आणि `F` मध्ये टार्गेट ठेवा. टक्केवारी बाजूला `I1`, `I2`, `I3` मध्ये लिहा: 75%, 100%, 125%. मग दुसऱ्या ओळीत ही सूत्रं, आणि ती सहाव्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
B2:  =F2*$I$1
C2:  =F2*($I$2-$I$1)
D2:  =F2*($I$3-$I$2)
```

तुमच्या आकड्यांवर तक्ता असा येईल:

| गाव | कमी | ठीक | उत्तम | विक्री | टार्गेट |
|---|---|---|---|---|---|
| नाशिक | ३० | १० | १० | ४३ | ४० |
| मालेगाव | १८ | ६ | ६ | १९ | २४ |
| निफाड | २४ | ८ | ८ | ३० | ३२ |
| सिन्नर | १२ | ४ | ४ | ११ | १६ |
| येवला | १५ | ५ | ५ | २२ | २० |

टक्केवारी वेगळ्या खान्यांत ठेवण्याचा फायदा असा की साहेब उद्या म्हणाले, ‘कमी’ची हद्द ७५ नको, ८० करा, तर एकच खाना बदलायचा. आणि ती हद्द साहेबांनीच ठरवावी, महिना सुरू होण्याआधी. आकडे हातात आल्यावर पट्टे आखले तर कोणाला कुठे बसवायचं हे आपणच ठरवतोय असा अर्थ होतो, मग चार्टला कोणी मानत नाही.

चार्ट

`A1:F6` निवडा. `Insert` मध्ये `Recommended Charts`, तिथे `All Charts`, आणि डावीकडच्या यादीत खाली `Combo`. इथे प्रत्येक मालिकेसमोर प्रकार निवडायची जागा आणि `Secondary Axis` ची चौकट दिसेल. आधी एक गोष्ट बघा: यादीत ‘कमी, ठीक, उत्तम, विक्री, टार्गेट’ अशी नावं दिसायला हवीत. त्याऐवजी ‘नाशिक, मालेगाव’ दिसली तर एक्सेलने ओळी आणि स्तंभ उलटे घेतलेत. तसाच चार्ट घालून टाका, `Chart Design` मध्ये `Switch Row/Column` दाबा आणि `Change Chart Type` मधून पुन्हा इथे या.

तिन्ही पट्ट्यांना `Stacked Column` द्या आणि त्यांच्या चौकटी रिकाम्या ठेवा. ‘विक्री’ला `Clustered Column` आणि ‘टार्गेट’ला `Line with Markers`; या दोघांना `Secondary Axis` ची टिक. टार्गेटलाही टिक द्यायची, कारण सेकंडरी गट सगळ्यांच्या पुढे काढला जातो. टार्गेट प्रायमरीवर राहिलं तर ज्या गावाने टार्गेट ओलांडलंय तिथे विक्रीचा बार टार्गेटच्या खुणेवरून जातो आणि तिची दोन टोकंच बाहेर दिसतात. नाशिक आणि येवल्याला नेमकं तेच होईल.

आता रुंदी. कुठल्याही पट्ट्यावर राइट क्लिक, `Format Data Series`, आणि `Gap Width` 40%. मग विक्रीच्या बारवर तसंच करून `Gap Width` 300%. हा आकडा बारची रुंदी सांगत नाही, दोन बारमधली मोकळी जागा बारच्या किती पट आहे ते सांगतो. म्हणून जितका मोठा आकडा तितका बार बारीक. ४० टक्क्यांना पट्टा आपल्या जागेचा सुमारे ७० टक्के भाग व्यापतो, ३०० टक्क्यांना बार २५ टक्के. म्हणजे बार पट्ट्याच्या जेमतेम एक तृतीयांश रुंद, आणि दोन्ही बाजूंनी छटा नीट दिसतात. बार पट्ट्याच्या निम्म्यावर गेला की मागच्या छटा वाचायला डोळ्यांना कष्ट पडतात.

इथे थांबून सेकंडरी अक्ष पुसा. शेवटी करू म्हटलं की राहून जातं.

टार्गेटची रेघ सध्या गावागावांना जोडत वर-खाली जाताना दिसेल. ती जोडणी काढायची, कारण मालेगावचं टार्गेट आणि निफाडचं टार्गेट यांच्यामध्ये काही नसतं. `Format Data Series` मध्ये रंगाच्या डब्याच्या खुणेखाली `Line` आणि `Marker` असे दोन भाग आहेत. `Line` ला `No line`. `Marker` मध्ये `Marker Options`, `Built-in`, आणि प्रकारांतून लांब आडवी रेघ निवडा. आकार 20 पासून सुरू करून, रेघ बारपेक्षा रुंद पण पट्ट्यापेक्षा थोडी आखूड होईपर्यंत वाढवा. भरण काळं, `Border` ला `No line`. लक्षात ठेवा, हा आकार चार्टच्या मापाशी बांधलेला नसतो. चार्ट ओढून मोठा केलात की पट्टे रुंद होतात, रेघ तेवढीच राहते. म्हणून आधी चार्टचं माप पक्कं करा, मग रेघेचं.

तपासणी

या चार्टची एक सोय अशी की तो स्वतःची परीक्षा स्वतः देतो. दुसरा पट्टा बरोबर १०० टक्क्यांना संपतो आणि टार्गेट म्हणजेच १०० टक्के. त्यामुळे टार्गेटची काळी रेघ प्रत्येक गावात दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या सांध्यावरच बसली पाहिजे. सगळ्या गावांत सांध्याच्या वर किंवा खाली दिसली, तर अक्ष अजून वेगळे आहेत. एकाच गावात सरकलेली दिसली, तर त्या ओळीतलं सूत्र कोणीतरी हाताने आकडा टाकून मोडलंय.

बारची परीक्षा वेगळी घ्या. सिन्नरच्या विक्रीत ११ च्या जागी 12 टाका: बार पहिल्या पट्ट्याच्या काठाला बरोबर टेकला पाहिजे. 16 टाका: तो टार्गेटच्या रेघेला टेकला पाहिजे. मग `Ctrl+Z` दोनदा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि चार्ट पाठवण्याआधी मी ते दर वेळी करतो.

डावा अक्ष शून्यापासूनच सुरू आहे ना, तेही बघा. बार लांबीने वाचला जातो. कोणी फरक ठळक दिसावा म्हणून अक्ष १० पासून सुरू केला, तर सिन्नरची ११ लाखांची विक्री एका लाखाच्या ठिपक्याएवढी दिसेल आणि नाशिक तिच्या तेहतीस पट.

आकडे पूर्ण रुपयांत असतील तर अक्षावर शून्यांची रांग लागते. `Format Axis` मधल्या `Display units` मध्ये लाख हा शब्द मिळणार नाही, पण 100000 हा पर्याय आहे. तो निवडला की अक्ष लाखांत येतो. त्याच्या लेबलमध्ये ‘लाख रुपये’ असं आपल्या हाताने लिहा.

छटा

लाल, पिवळा, हिरवा हे पट्टे मी घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही पुरुषांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, आणि ते बैठकीत कधी बोलून दाखवत नाहीत. शिवाय ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर दोन्ही जवळपास एकाच राखाडी रंगाचे छापले जातात. आणि तीन भडक पट्ट्यांपुढे विक्रीचा बारच मागे पडतो. बघणाऱ्याचं लक्ष आधी पट्ट्यांवर जातं, खरं तर ते बारवर जायला हवं.

हा चार्ट स्टीफन फ्यू यांनी २००५ च्या सुमारास डॅशबोर्डवरच्या गोल मीटरला पर्याय म्हणून आखला. एकाच रंगाच्या गडद-फिकट छटा वापरायच्या, हा त्यांच्या आराखड्याचाच भाग आहे. मी राखाडी घेतो: सगळ्यात खालच्या पट्ट्याला 170,170,170, मधल्याला 204,204,204, वरच्याला 230,230,230, आणि विक्रीच्या बारला गडद निळा 31,56,100. `More Fill Colors` मध्ये `Custom` खाली हे आकडे जसेच्या तसे टाकता येतात. गडद छटा वाईट कामगिरीला द्यायची, म्हणजे बार अंधारातून उजेडाकडे वाढताना दिसतो. खालचा पट्टा याहून गडद केला तर निळा बार त्यात बुडतो. पट्टे तीनच ठेवा. पाच छटा केल्या की मधल्या दोन कोणत्या हे सांगताना चार्ट करणाराही अडखळतो.

बाजूच्या यादीत पट्ट्यांची नावं राहू द्या, पण ‘कमी’ऐवजी ‘७५ टक्क्यांपर्यंत’ असं लिहा. शेरा वाचून लोक वाद घालतात, हद्द वाचून घालत नाहीत.

रुपये की टक्के

तुमच्या आकड्यांत मला सगळ्यात बोलकी जोडी वाटली ती मालेगाव आणि सिन्नर. दोघंही टार्गेटच्या ५ लाख मागे आहेत. मालेगावने २४ पैकी १९ केले, म्हणजे ७९ टक्के, आणि ते मधल्या पट्ट्यात आहे. सिन्नरने १६ पैकी ११ केले, म्हणजे ६९ टक्के, आणि ते सगळ्यात खालच्या पट्ट्यात. रुपयांच्या चार्टमध्ये दोन्हीकडे बार आणि रेघ यांच्यातलं अंतर सारखंच दिसतं, फरक फक्त मागची छटा सांगते. म्हणून या चार्टमध्ये पट्टे नुसते शोभेला नसतात.

पण रुपयांच्या चार्टची एक अडचण आहे. नाशिकचा खांब ५० चा आणि सिन्नरचा २० चा. छोट्या गावांचे पट्टे इतके आखूड होतात की दुरून ते वाचता येत नाहीत. माणसामाणसांची तुलना करायची असेल, तर विक्रीला टार्गेटने भागून टक्केवारीचा दुसरा चार्ट करा. तिथे सगळ्यांचे पट्टे ७५, २५, २५ आणि रेघ १०० वर, एका ओळीत. नाशिक १०७.५, मालेगाव ७९, निफाड ९४, सिन्नर ६९, येवला ११०. त्यात येवला नाशिकच्या पुढे आहे, जे रुपयांच्या चार्टमध्ये कोणाला दिसलंही नसतं.

मात्र टक्क्यांच्या चार्टमध्ये पैसा दिसत नाही. एकूण टार्गेट १३२ लाखांचं, विक्री १२५ लाखांची, आणि मालेगाव-सिन्नरचे मिळून १० लाख कमी पडलेत, हे त्यातून कळत नाही. साहेबांना ‘अजून किती यायचे’ हे हवं असेल तर रुपये, ‘कोणाकडे लक्ष द्यायचं’ हे हवं असेल तर टक्के. दोन्ही हवं असेल तर दोन चार्ट शेजारी ठेवा. एकाच चार्टमध्ये दोन्ही कोंबले की पुन्हा दोन अक्ष येतात, आणि आपण तिथूनच तर सुटका करून घेतली.

आडवा हवा असेल तर

गावांची किंवा माणसांची नावं लांब असतील तर आडवा बुलेट चार्ट वाचायला सोपा पडतो, आणि फ्यू यांचे नमुने बहुतेक आडवेच आहेत. पण एक्सेलमध्ये टार्गेटची रेघ तिथे अडते: `Line` ही मालिका आडव्या बारबरोबर आडवी होत नाही. तिथे टार्गेटसाठी `Scatter` घ्यावा लागतो. त्याचा X म्हणजे टार्गेटचा आकडा आणि Y म्हणजे ओळीचा मध्य. पाच गावांसाठी खालून वर 0.5, 1.5, 2.5, 3.5, 4.5, आणि त्याच्या उभ्या अक्षाला 0 ते 5 ची हद्द. आडव्या बारमध्ये तक्त्यातली पहिली ओळ सगळ्यात खाली येते, हे विसरू नका. नाशिक वर यावं म्हणून `Categories in reverse order` ला टिक केलीत तर बार उलटतात, ठिपके उलटत नाहीत. मग नाशिकचं टार्गेट येवल्याच्या बारवर जाऊन बसतं. सोपा मार्ग म्हणजे टिक न करता तक्त्यातल्या ओळीच उलट्या क्रमाने लावणं. सांध्याची परीक्षा इथेही तीच. माझं मत विचाराल तर पाच गावांसाठी उभाच ठेवा. नावं छोटी आहेत, बसतात.

महिन्याच्या मधे

शेवटची गोष्ट तक्त्यातली, पण ती चार्टवर उमटते. १५ तारखेला साहेबांनी चार्ट मागितला आणि तुम्ही पूर्ण महिन्याचं टार्गेट ठेवलंत, तर पाचही गावं गडद पट्ट्यात दिसतील आणि त्यातून काहीच कळणार नाही. पूर्ण महिन्याचं टार्गेट `G` स्तंभात ठेवा, झालेले कामाचे दिवस `I5` मध्ये, एकूण दिवस `I6` मध्ये, आणि `F2` मध्ये हे सूत्र, सहाव्या ओळीपर्यंत खाली ओढून:

```
=G2*$I$5/$I$6
```

२६ पैकी १३ दिवस झाले असतील तर निफाडचं आजचं टार्गेट १६ होईल. पट्ट्यांची सूत्रं `F` वरच बेतलेली आहेत, म्हणून तेही आपोआप आखडतील. `G` आणि `I` हे स्तंभ चार्टच्या निवडीत घ्यायचे नाहीत, एवढी काळजी घ्या.

हा सरळ दिवसांचा हिशोब तुमच्या धंद्यात कितपत चालतो ते मात्र तपासा. बिलं महिन्याच्या शेवटी गोळा होत असतील तर १३ व्या दिवशी निम्मी विक्री झालेलीच नसते, आणि चार्ट सगळ्यांना विनाकारण दोषी ठरवतो. गेल्या वर्षीची रोजची बिलं असतील तर १३ व्या दिवसापर्यंत महिन्याच्या विक्रीचा किती हिस्सा झाला होता ते काढा. समजा तो ३५ टक्के निघाला, तर निफाडचं आजचं टार्गेट १६ नाही, ११.२ धरायचं. म्हणजे `F2` मध्ये दिवसांच्या भागाकाराऐवजी तो हिस्सा येईल.

आणि विक्रीचा आकडा टॅलीतून घेताना जीएसटी वगळून घेताय का ते एकदा बघा. टार्गेट बहुधा कर सोडून ठरलेलं असतं, आणि बिलांची बेरीज करासह येते. निफाडसारख्या गावाला, जिथे विक्री टार्गेटच्या दोनच लाख मागे आहे, तेवढा कर रेघेजवळ नेऊन ठेवायला पुरतो.